मन मोकळं केलं आणि उत्तर आलं ‘ओके’ : ते कसं वाचायचं?

प्रश्न : आठ दिवस मनात घोळवून परवा रात्री नवऱ्याला लांबलचक मेसेज लिहिला. सहा वर्षांच्या संसारात इतकं मोकळं मी कधीच लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘तुला वाटेल तसं कर, मला फक्त सांगायचं होतं.’ निळ्या खुणा लगेच आल्या. ‘टायपिंग’ दोनदा दिसलं आणि गेलं. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘ओके.’ सकाळी काही घडलंच नाही असं वागणं. मी विचारलं, ‘वाचलंस ना?’ तर म्हणाला, ‘हो, ठीक आहे.’ याचा अर्थ काय घ्यायचा? त्याला माझी पर्वाच नाही का?

उत्तर : त्या एका शब्दावरून पर्वा आहे की नाही हे ठरवता येत नाही, पण तुम्ही आणखी तीन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या जास्त उपयोगाच्या आहेत : तुमचं शेवटचं वाक्य, दोनदा येऊन गेलेलं ‘टायपिंग’ आणि मधली चाळीस मिनिटं. जोडप्यांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना मी असे मेसेज नेहमी वाचते. तुम्ही सांगितलेला क्रम पाहून माझा पहिला अंदाज असा आहे की त्याने वाचलं, लिहायला घेतलं, जमलं नाही, आणि तुम्ही स्वतःच मोकळी ठेवलेली वाट त्याने धरली. हा अंदाज चुकीचाही असू शकतो, तो पडताळायचा कसा तेही सांगते.

आधी शेवटचं वाक्य. माणसांच्या रोजच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ हार्वे सॅक्स यांनी 1973 मधल्या एका व्याख्यानात एक साधं निरीक्षण मांडलं होतं. समोरच्याने एकापाठोपाठ दोन गोष्टी विचारल्या, तर आपण बहुतेक वेळा आधी दुसरीला उत्तर देतो, कारण ती आपल्या उत्तराच्या सर्वांत जवळ असते. पहिलीकडे नंतर वळतो किंवा ती तशीच राहून जाते. लांब मेसेजच्या बाबतीत मला हे सतत दिसतं. वर काळीज उघडं केलेलं असतं, आणि उत्तर येतं ते अगदी खालच्या ओळीला. आता तुमची खालची ओळ पुन्हा वाचा. ‘तुला वाटेल तसं कर, मला फक्त सांगायचं होतं.’ या ओळीला ‘ओके’ हे चपखल बसणारं उत्तर आहे. तुम्ही सांगितलंत, त्याने ऐकल्याची पोच दिली.

तुम्ही ती ओळ का लिहिलीत ते मी समजू शकते. इतकं सगळं उघड केल्यावर शेवटी भीती वाटते की आपण फार मागतोय. म्हणून आपण मागणं मागे घेतो, समोरच्याला मोकळं करतो, आणि मनात मात्र आशा ठेवतो की तो मोकळा होणार नाही. तुमच्यासाठी ती ओळ ‘आता तू बोल’ अशी होती. वाचणाऱ्याला मात्र ती ‘आता बोलायची गरज नाही’ अशी वाटू शकते. सकाळच्या प्रश्नाचंही तसंच. ‘वाचलंस ना?’ याला ‘हो’ एवढंच पूर्ण उत्तर आहे. म्हणजे दोन्ही वेळा तुम्हाला हवं होतं मोठं काहीतरी, आणि जागा ठेवली गेली एका शब्दाची. यात तुमचा दोष शोधायचा नाही. हे एवढ्यासाठी सांगते की या दोन्ही उत्तरांतून त्याच्या मनाबद्दल फारच थोडं कळतं. प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

आता ती चाळीस मिनिटं. समोरासमोर बोलताना उत्तराआधीचा छोटासा थांबासुद्धा आपल्याला जाणवतो, आणि तो बहुतेकदा अडचण सुचवतो : नकार, संकोच, शब्द न सुचणं. फोनवर उशिराला डझनभर कारणं असू शकतात, म्हणून एरवी मी उशिरावरून काही ठरवत नाही. पण निळी खूण लगेच, त्यानंतर दोनदा टायपिंग, आणि मग एक शब्द, हा क्रम बेफिकिरीचा सहसा नसतो. पर्वा नसलेला माणूस ‘ओके’ लगेच टाकतो आणि झोपतो. त्याने काहीतरी लिहून पुसलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

पुसलं का असेल? इथे शरीराचा भाग येतो, आणि तो लोकांना सहसा माहीत नसतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला लावून त्याच वेळी त्यांचे हृदयाचे ठोके वगैरे मोजले. अशा कामातून गॉटमन यांनी ज्याला भावनांचा पूर म्हटलं, ती अवस्था पुढे आली : नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला समोरचं नीट ऐकू येईनासं होतं, विनोद, कुतूहल, समजूत हे सगळं आटतं, आणि तो एकतर उलटून बोलतो किंवा बंद होतो. बंद झालेला माणूस बाहेरून दगडासारखा थंड दिसतो. आत मात्र त्याची धडधड चाललेली असू शकते. शरीर पुन्हा शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, आणि तीही त्या विषयाचा विचार डोक्यातून गेला तरच. रात्री अंथरुणावर पडून मेसेज पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याची ती 20 मिनिटं सुरूच होत नाहीत. तुमच्याकडे आठ दिवस होते, त्याच्याकडे एक रात्र. तुमचे शब्द निवडून झाले होते, तो पहिल्यांदा वाचत होता.

अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी 1990 मध्ये जोडप्यांमधल्या आणखी एका साच्याचा अभ्यास मांडला. एक जण बदल मागत पुढे येतो, दुसरा मागे सरतो, पहिला आणखी जोर लावतो, दुसरा आणखी मागे. बायको मागते आणि नवरा मागे सरतो, हे तिथे जास्त दिसलं खरं, पण मुख्यतः जेव्हा बदल बायकोला हवा होता तेव्हा. विषय नवऱ्याला हव्या असलेल्या बदलाचा असला की तो फरक तितका उरला नाही. म्हणून ‘पुरुष असेच असतात’ या उत्तरावर मी कधी समाधान मानत नाही. ज्याच्याकडून बदल मागितला जातोय त्याच्या जागी बसलं की कुणालाही आक्रसल्यासारखं होऊ शकतं.

याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. यात लांब मेसेज नवऱ्याचा होता आणि एका शब्दाचं उत्तर बायकोचं. त्याच्या वडिलांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि त्याने जवळजवळ दोन महिने घर आणि हॉस्पिटल असं धावत काढले होते. एका रात्री हॉस्पिटलमधून त्याने तिला लिहिलं. मेसेजमध्ये चार गोष्टी होत्या. एक, या दिवसांत ‘तू कसा आहेस’ असं मला कुणी विचारलं नाही, तूसुद्धा नाही. दोन, याच दिवसांत तू मैत्रिणीच्या लग्नाला गेलीस. तीन, झोपण्याआधी आपण बोलायचो ते कधी थांबलं कळलंच नाही. चार, तरीही तू माझ्या आयुष्यात आहेस याचा मला आधार वाटतो. शेवट होता, ‘असो. झोप तू.’ तिचं उत्तर आलं, ‘बरं. गुड नाइट.’ तिथून पुढे तो तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला, आणि दोघं माझ्याकडे आले तेव्हा ते ‘बरं’ त्याच्यासाठी तिला पर्वा नसल्याचा पुरावा झालं होतं.

मी तिला तो मेसेज माझ्यासमोर पुन्हा वाचायला सांगितला, सावकाश, आणि प्रत्येक गोष्टीपाशी थांबून त्या रात्री काय वाटलं होतं ते सांगायला सांगितलं. पहिल्या गोष्टीला तिला अपराधी वाटलं होतं. दुसरीला राग आला होता, कारण लग्नाला जाण्याआधी तिने त्याला विचारलं होतं आणि तो ‘जा’ म्हणाला होता. तिसरी वाचून तिला एकटं वाटलं, कारण तिलाही तेच जाणवत होतं. चौथीला डोळे भरून आले. ती म्हणाली, “सॉरी लिहिलं असतं तर लग्नाला जाणं ही चूक होती असं मान्य केल्यासारखं झालं असतं. रागाचं लिहिलं असतं तर सासरे आजारी असताना मी भांडतेय असं झालं असतं. मलाही एकटं वाटतं असं लिहिलं असतं तर त्याच्या दुःखात मी माझं घुसवलं असतं. म्हणून काहीच लिहिलं नाही.” तिच्या ‘बरं’मध्ये या सगळ्याची गर्दी होती. त्याने ते रिकामं समजून वाचलं होतं.

मग मी त्याला त्या चारपैकी आज सर्वांत जास्त दुखणारी एकच गोष्ट निवडायला सांगितली, आणि तिच्या शेवटी एक असा प्रश्न ठेवायला सांगितला ज्याचं उत्तर फक्त तीच देऊ शकेल. बराच वेळ घेऊन तो म्हणाला, “ऑपरेशननंतरच्या त्या दिवसांत तू मला ‘कसा आहेस’ असं विचारावंस असं रोज वाटायचं. तेव्हा मी तुला कसा दिसत होतो?” ती लगेच बोलली. तो सगळं धरून उभा आहे असं तिला दिसत होतं, आणि विचारलं तर तो तिथेच कोसळेल, मग वडिलांकडे कोण बघेल, या भीतीने ती विचारत नव्हती. त्याच्या मनात हा अर्थ कधी आलाच नव्हता. लग्नाला जाण्याचा विषय त्या दिवशी सुटला नाही. त्यावर पुढे वेगळं आणि बरंच कडू बोलणं झालं, पण निदान ते त्याच एका विषयावर झालं.

तुमच्या मेसेजचा मजकूर माझ्यासमोर नाही. तो तुम्ही स्वतः असा वाचून पाहा : त्यात वेगवेगळी दुखणी किती आहेत, आणि त्यातल्या कुठल्या दोन दुखण्यांना एकाच उत्तरात न्याय देणं अशक्य आहे? माझ्या अनुभवात आठ दिवस साठलेल्या मेसेजमध्ये तीनपेक्षा कमी विषय क्वचितच असतात.

मेसेजमध्ये सूर ऐकू येत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी पटत नाही. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना काही वाक्यं ईमेलने पाठवायची होती, काही मनापासून, काही उपरोधाने. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की वाचणारा साधारण 78 टक्के वेळा सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळा ओळखला गेला, आणि नुसता अंदाज मारूनही 50 टक्के बरोबर आलं असतं. आपण वाचताना तो सूर स्वतःच भरतो. दुखावलेल्या मनाने वाचलं की ‘ओके’ला तुसडा आवाज येतो, आणि तो आवाज त्याचाच आहे असं आपल्याला ठामपणे वाटतं.

‘ओके’पुढच्या टिंबाबद्दलही मला लोक विचारतात. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 126 विद्यार्थ्यांना एका शब्दाची उत्तरं वाचायला दिली होती. मोबाइल मेसेजमध्ये पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा तसा फरक पडला नाही. पण ते वाचणाऱ्याला काय वाटतं याबद्दल आहे, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याबद्दल नाही. तुमचा नवरा प्रत्येक मेसेजला टिंब देत असेल तर त्यात काही नाही. एरवी कधीच न देणाऱ्याने नेमकं त्या रात्री दिलं असेल, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, पुरावा नव्हे.

खरी तुलना त्याची त्याच्याशीच करायची. मागचे दोन-तीन महिन्यांचे मेसेज चाळा आणि दोनच गोष्टी बघा. आनंदाच्या बातमीला तो किती शब्दांत उत्तर देतो? आणि त्याच्या स्वतःच्या अडचणीबद्दल तो किती लिहितो? सगळीकडेच ‘ओके’, ‘हो’, ‘बघू’ असेल, तर तो लिहून बोलणारा माणूस नाही, एवढंच त्यावरून कळतं. त्याच्या कामाच्या कटकटी, मित्रांबद्दलची नाराजी यांवर तो परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत असेल आणि तुमच्या भावनांना मात्र एक शब्द असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि ती मी हलक्यात घेणार नाही. आणि पूर्वी भरभरून लिहिणारा अलीकडे सगळ्यांशीच एका शब्दावर आला असेल, झोप, भूक, कामातलं लक्ष यांतही फरक पडला असेल, तर आधी त्याची तब्येत विचारा. नैराश्यात माणूस असा आटतो, आणि तेव्हा तुमच्या मेसेजच्या उत्तरापेक्षा त्याला डॉक्टरांची गरज जास्त असते.

आता पुढचं पाऊल. दुसरा लांब मेसेज लिहू नका, ‘ओके म्हणजे काय?’ असंही पाठवू नका. ते त्याच साच्यातलं जोर लावणं होईल आणि तो आणखी आत जाईल. दोघंही दमलेले किंवा घाईत नसताना समोरासमोर बोला. चालताना किंवा शेजारी बसून बोलणं अनेकांना सोपं जातं, कारण सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करा, कारण ती अजून दोघांमध्ये तशीच उभी आहे. साधारण असं म्हणता येईल : “परवा मी लिहिलं की मला फक्त सांगायचं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. मला तुझं उत्तरही हवं होतं. सगळ्यावर नको. त्यातल्या या एका गोष्टीबद्दल वाचताना तुला काय वाटलं, तेवढं सांग.” आणि मग थांबा, खरंच थांबा. तुम्हाला लांब वाटणारी शांतता त्याला शब्द शोधायला लागणारा वेळ असू शकते. मध्येच ‘बघ, आताही बोलत नाहीस’ असं म्हणालात तर तो वेळ तिथेच संपतो.

तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर ते खरं मानून चाला आणि वेळ ठरवा : ‘उद्या रात्री बोलूया का?’ त्याला बोलता बोलता मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू द्या, पण एका अटीवर : जो थांबायला सांगेल त्यानेच परत कधी बोलायचं ते सांगायचं, आणि त्या वेळी स्वतःहून यायचं. विश्रांती आणि टाळाटाळ यांतला फरक याच एका गोष्टीवर कळतो.

उत्तर आल्यावर काय बघायचं? हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर यांनी 1988 मध्ये जवळीक कशी तयार होते हे मांडताना एक मुद्दा सांगितला, जो मला रोज उपयोगी पडतो. मन उघडं करणाऱ्याला समोरच्याकडून तीन गोष्टी मिळाल्यासारख्या वाटाव्या लागतात : मला समजून घेतलं, माझं वाटणं त्याला वावगं वाटलं नाही, आणि त्याला माझी काळजी आहे. त्यासाठी मोठी भाषा लागत नाही. ‘तुला इतके दिवस हे वाटत होतं हे मला कळलंच नाही’ या एका वाक्यात पहिलं आणि तिसरं येऊन जातं. आणि बोलता न येणाऱ्या माणसाचं उत्तर कधी वागण्यातून येतं. मेसेजमध्ये तुम्ही जे मागितलं होतं त्यातलं काही तो येत्या दहा-बारा दिवसांत न सांगता करायला लागला, तर ‘ओके’चा अर्थ ‘कळलं, करतो’ असाही असू शकतो. तसं दिसलं तर त्याला ते सांगा, कारण तुमच्या लक्षात आलंय हे त्याला आपोआप कळणार नाही.

काही खुणा मात्र मी धोक्याच्या मानते. समोरासमोर एकाच गोष्टीबद्दल, शांतपणे विचारल्यावरही तो तुमच्या वाटण्याची टिंगल करतो. मेसेज दुसऱ्यांना दाखवतो किंवा त्यातली वाक्यं पुढच्या भांडणात तुमच्यावर फेकतो. तुम्ही काही मागितलंत की प्रत्येक वेळी दिवसेंदिवस अबोला धरतो आणि तुम्ही माफी मागितल्यावरच तो सुटतो. किंवा त्याचं उत्तर कसं येईल या धास्तीने तुम्ही आता साध्या गोष्टीही लिहिणं सोडलं आहे. यांपैकी काही असेल तर मेसेज चांगला कसा लिहावा हा प्रश्नच उरत नाही, आणि भीती वाटत असेल तर जोडप्याच्या सत्राआधी एकट्याने कुणाशी तरी बोला, कारण घाबरलेल्या माणसाला जोडीदाराशेजारी बसून खरं बोलता येत नाही.

यांपैकी काही नसेल, पण वर सांगितल्यासारखं दोन-तीन वेळा नीट विचारूनही तो ‘ठीक आहे’च्या पलीकडे येत नसेल, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. जाताना त्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुढे करू नका, त्याने तो पहिल्याच मिनिटाला आरोपी होतो. त्यातली तुम्ही निवडलेली एक गोष्ट आणि तिचा एक प्रश्न, एवढंच घेऊन जा.